ग्राहक आयोगातल्या तक्रारीचा सारांश कसा काढायचा?

फ्रिजच्या तक्रारीची वीस पानं आहेत. दावा, पुरावा, मागणी आणि समोरच्याचं उत्तर एका पानात कसं आणू?

आधी शेवट वाचा, मागणी बहुधा तिथेच असते. किंमत २८,५०० परत, मनस्तापाचे १०,००० आणि तक्रारखर्च, अशा रकमा वेगवेगळ्या लिहा. दावा एका वाक्यात: वॉरंटीत तीनदा दुरुस्ती होऊनही फ्रिज थंड होत नाही. पुराव्यात बिल आणि तिन्ही जॉबशीट, तारखांसह.

खरी मेख लेखी जबाबात. कंपनी म्हणते, व्होल्टेजमुळे बिघाड झाला. मग जॉबशीटवर तसं कुठे लिहिलंय का? प्रत्येक आरोपापुढे मान्य, अमान्य की मौन, ते टिपा. जबाबाची तारीखही बघाच: नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५, त्यापुढे नाही.