हे कारण कधी सुचलं?

"मॅडम, नोकरीत पगार कमी, वागणूक वाईट, हे मला दिसतं. तरी कुणी 'सोड ना' म्हटलं की मीच तिची बाजू घेऊन भांडते. नंतर वाटतं, मला खरंच ही नोकरी आवडते की मी स्वतःलाच फसवतेय? कसं ओळखायचं?"

असाच प्रश्न घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. म्हणजे आले होते झोप लागत नाही म्हणून, हा प्रश्न पुढे निघाला. त्यांची ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगते. वय अडतीस, एकाच ऑफिसात नऊ वर्षं. वरिष्ठ चारचौघांत आवाज चढवून बोलायचे. बढतीचा शब्द तीनदा दिला गेला आणि तिन्ही वेळा मागे घेतला गेला. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पण तसं ऑफिस चांगलं आहे."

इथे मी एक चूक केली. पहिल्याच भेटीत विचारलं, "मग दुसरीकडे प्रयत्न का करत नाही?" पुढची वीस मिनिटं ते ऑफिसची वकिली करत होते. माणसं ओळखीची आहेत, वरिष्ठ कडक असल्यामुळे शिकायला मिळतं, बाहेर तरी काय वेगळं आहे, पगार कमी असला तरी डोक्याला ताप नाही. झोप उडाली म्हणून आलेला माणूस डोक्याला ताप नाही म्हणत होता, आणि ते मनापासून म्हणत होता. बाहेर पडताना ते येतानापेक्षा जास्त ठामपणे त्या नोकरीच्या बाजूचे झाले होते. तुम्हाला 'सोड ना' म्हणणारी माणसंही नेमकं हेच करतात. ती जितका जोर लावतात तितकी कारणं आपण शोधतो, आणि स्वतःच्या तोंडून बाहेर पडलेलं कारण आपल्याला जास्त खरं वाटू लागतं.

मानसशास्त्रात याला बोधात्मक विसंगती म्हणतात, कॉग्निटिव्ह डिसोनन्स. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये ही कल्पना मांडली. 'मी समजूतदार आहे' आणि 'मी नऊ वर्षं अपमान सहन करतोय' ही दोन वाक्यं मनात शेजारी शेजारी नांदू शकत नाहीत. ती एकमेकांना टोचतात. टोचणी थांबवायची तर एक वाक्य बदलावं लागतं. नोकरी बदलणं अवघड असतं, मत बदलणं त्यामानाने सोपं. म्हणून मत बदलतं, तेही आपल्या नकळत.

फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांचा 1959 चा प्रयोग मी या गृहस्थांना सविस्तर सांगितला, कारण तो त्यांच्या कमी पगारावर बोट ठेवतो. विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं. त्यातला अर्धा तास एका फळीवरच्या 48 खुंट्या एकेक करून पाव फेरा फिरवायच्या, संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. मग काहींना सांगितलं की बाहेर थांबलेल्या पुढच्या विद्यार्थिनीला जाऊन 'काम मजेदार आहे' असं सांगा. या खोटं बोलण्याचे काहींना 20 डॉलर दिले, काहींना फक्त 1. नंतर काम खरंच कसं वाटलं ते उणे 5 ते अधिक 5 या मापावर विचारलं. ज्यांना खोटं बोलायला लावलंच नव्हतं त्यांचा सरासरी आकडा उणे 0.45 आला. 20 डॉलरवाल्यांचा जवळपास तसाच, उणे 0.05. आणि 1 डॉलरवाल्यांचा अधिक 1.35.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ज्याला कमी मिळालं, त्यालाच ते आवडलं."

हो. ज्याला 20 डॉलर मिळाले त्याच्याकडे उत्तर तयार होतं, पैशासाठी बोललो. 1 डॉलरवाल्याकडे ते नव्हतं, म्हणून त्याला आवडीतूनच कारण काढावं लागलं. भरपूर पगार देणाऱ्या वाईट नोकरीबद्दल माणसं सरळ सांगतात की पैशासाठी करतोय. जिथे पैसाही नाही आणि मानही नाही, तिथे 'पण मला आवडतं' हे वाक्य जास्त जोरात ऐकू येतं. मात्र यात एक अट असते. निर्णय आपणच घेतलाय, असं वाटायला हवं. घरचा खर्च भागवायला दुसरा मार्गच नाही म्हणून थांबलेली व्यक्ती स्वतःला फसवत नसते, तिचं कारण खरं असतं आणि तिला ते ठाऊकही असतं.

पुढच्या भेटीत त्यांनी स्वतःहून कॅमेऱ्याचा विषय काढला. ऐपतीपेक्षा महाग कॅमेरा घेतला होता. घेण्याआधी दोन मॉडेलांत महिनाभर घोळ घातला, दोन्ही सारखीच वाटत होती. घेतल्यानंतर आठवडाभरात दुसरं मॉडेल त्यांना अगदीच सामान्य वाटू लागलं, आणि आपल्या कॅमेऱ्यावर टीका करणारे व्हिडिओ ते अर्ध्यात बंद करायचे. "हेही तेच ना?" त्यांनी विचारलं. तेच. पण याचा मला त्रास वाटत नाही. खरेदी झाली, परत करता येत नाही, आता तो आवडून घेतला तर मनाला स्वस्थता मिळते. खरेदी एकदाच होते. नोकरीत मात्र आपण रोज सकाळी जाऊन तोच निर्णय नव्याने घेतो, आणि समर्थन त्याला दर वेळी मुदतवाढ देत राहतं.

मग आम्ही एक काम केलं, ते तुम्हीही करून पाहा. कागदावर दोन रकाने आखायचे. डावीकडे नोकरीत राहण्याचं प्रत्येक कारण लिहायचं, त्यावर वाद घालायचा नाही, खरं की खोटं ठरवायचं नाही. उजवीकडे एवढंच लिहायचं की हे कारण मला पहिल्यांदा कधी सुचलं आणि त्या सुमारास काय घडलं होतं.

त्यांची सात कारणं निघाली. 'ऑफिस घरापासून जवळ' हे नोकरी धरण्याआधीपासूनचं होतं. 'सहकारी चांगले' पहिल्या वर्षातलं. बाकीची पाच एखाद्या तडाख्यानंतरची होती. 'पैशापेक्षा समाधान मोठं' याच्यासमोर लिहिताना ते थबकले. ते कारण पगारवाढ नाकारल्याच्या आठवड्यातलं होतं. त्याआधी दोन महिने त्यांनी स्वतःच लेखी अर्ज करून पगारवाढ मागितली होती. समाधान मोठं वाटत असतं तर अर्ज कशाला केला असता, हे मला म्हणावं लागलं नाही.

उशिरा सुचलेलं प्रत्येक कारण खोटंच असतं असं नाही. ठेच लागल्यावर खरी समजही येते. फरक असा ओळखता येतो की समजेतून आलेलं कारण खोडलं गेलं तर मत थोडं तरी हलतं. समर्थनातून आलेलं कारण पडलं की लगेच दुसरं उभं राहतं आणि निर्णय जागचा हलत नाही. शिवाय नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा विषय निघाला की उगाच राग येतो. त्यांना तो यायचा, आणि त्या माणसाने त्यांचं काहीच बिघडवलं नव्हतं.

राजीनामा द्या असं मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. त्याऐवजी त्याच कागदाच्या खाली त्यांनी स्वतः लिहिलं की तीन महिन्यांत बढतीचं पत्र हातात आलं नाही तर बाहेर अर्ज सुरू करायचे. तारीख घातली, सही केली. अट आधी लिहून ठेवली की नंतर सुचणाऱ्या कारणांना ती सहज वळवता येत नाही.

तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. पत्र आलं नव्हतं. "पण मॅडम, सध्या ऑफिसात कामाचा फार ताण आहे, अशा वेळी सोडून जाणं बरं नाही," ते म्हणाले आणि मध्येच थांबले. कागद उलगडल्याचा आवाज आला.

"हे आठवं कारण," ते म्हणाले. "समोर कुठली तारीख लिहू?"

"आजची," मी म्हटलं.