मराठी माणसाच्या हिंदीत ‘ने’ कुठे चुकतो?

प्रश्न: हिंदी व्याकरणाच्या सरावासाठी ही सहा वाक्यं लिहिली आहेत. तपासून द्याल का? प्रत्येक चुकीचं कारणही हवं.
१. मैं कल पूरी किताब पढ़ा।
२. मेरे कॉपी में तीन गलतियाँ थी।
३. मैंने शिक्षक को पूछा।
४. माँ ने लड़की को बुलाई।
५. मैंने पुस्तकालय से किताबें लाईं।
६. उसका आवाज़ बहुत मीठा है।

उत्तर:

मराठी घरांतल्या मुलांच्या हिंदीच्या वह्या मी बरीच वर्षं तपासते आहे. तुमच्या सहाही वाक्यांत चूक आहे, पण त्यातली एकही निष्काळजीपणाची नाही. बहुतेकींच्या मागे मराठीचा एकेक नियम उभा आहे, आणि तो मराठीत अगदी बरोबर आहे. पहिलं, चौथं आणि पाचवं वाक्य एकत्र घेते, कारण तिन्ही ठिकाणी प्रश्न ‘ने’चाच आहे.

पहिलं वाक्य: मैंने कल पूरी किताब पढ़ी। मराठीत आपण ‘त्याने पुस्तक वाचलं’ म्हणतो, पण ‘मी पुस्तक वाचलं’ म्हणताना ‘मी’ला काहीच लागत नाही. तू, आम्ही, तुम्ही यांचंही तसंच. हिंदीत ही सूट नाही. मैंने, तूने, हमने, तुमने, आपने, सगळ्यांना ‘ने’ लागतो. आणि कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं. किताब स्त्रीलिंगी, म्हणून ‘पढ़ी’. लिहिणारा पुरुष असो की स्त्री, ‘पढ़ी’च. मराठीतही मुलगी ‘मी निबंध लिहिला’ म्हणते, ‘लिहिली’ म्हणत नाही. तोच कर्मणी प्रयोग इथे आहे.

चौथं वाक्य: माँ ने लड़की को बुलाया। इथे ‘ने’ तुम्ही बरोबर लावलात आणि क्रियापद लड़कीशी जुळवलंत. पण लड़कीच्या मागे ‘को’ आहे. कर्माला ‘को’ लागला की क्रियापदाला जुळवून घ्यायला कुणीच उरत नाही, कर्ता नाही आणि कर्मही नाही. मराठीत अशा वेळी आपण ‘आईने मुलीला बोलावलं’ असं नपुंसकलिंगी एकवचन करतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ते काम पुल्लिंगी एकवचनाकडे जातं. ‘बहनों को बुलाया’, ‘सबको बुलाया’, रूप बदलत नाही.

पाचव्यात मात्र ‘ने’ येणारच नाही: मैं पुस्तकालय से किताबें लाया। लिहिणारी स्त्री असेल तर ‘लाई’. ‘लाना’ला कर्म असतं, तरी तो ‘ले आना’पासून आलेला आहे आणि ‘आना’ अकर्मक आहे. ‘मैं किताबें ले आया’ असं मोठ्याने म्हणून बघा, ‘ने’ आपोआप गळतो. हिंदीत जोडक्रियापद असेल तर ‘ने’चा निर्णय शेवटचं क्रियापद करतं. ‘उसने खाना खा लिया’, पण ‘वह खाना खा चुका’. दोन्हीकडे खाणं तेच आहे, मात्र लेना ‘ने’ घेतं आणि चुकना घेत नाही. सकना आणि लगना यांनाही ‘ने’ चालत नाही: वह पढ़ सका, वह पढ़ने लगा।

मुलांना मी एक पडताळा शिकवते. भूतकाळी वाक्य मराठीत ‘तो’ घालून म्हणायचं. ‘त्याने वाचलं’ असं आलं तर हिंदीत ‘ने’ लावायचा. ‘तो बोलला’, ‘तो विसरला’ असं आलं तर लावायचा नाही: वह बोला, वह भूल गया। (‘मैंने बोला’ बोलण्यात सर्रास ऐकू येतं, पण व्याकरणाच्या पेपरात लिहू नका.) हा पडताळा काही ठिकाणी फसतो आणि ती पाठच करावी लागतात. मराठीत ‘तो हिंदी शिकला’, हिंदीत ‘उसने हिंदी सीखी’. मराठीत ‘तो दूध प्यायला’, हिंदीत ‘उसने दूध पिया’. आणि उलट बाजूला तुमचं पाचवं वाक्य: मराठीत ‘त्याने आणलं’, हिंदीत ‘वह लाया’. शिवाय हा पडताळा फक्त झालेल्या क्रियेसाठी आहे. ‘त्याने जायला हवं’ यातला ‘ने’ हिंदीत नेलात तर ‘उसने जाना चाहिए’ होईल, ते चूक आहे. तिथे ‘उसे जाना चाहिए’.

दुसऱ्या वाक्यात दोन दुरुस्त्या आहेत: मेरी कॉपी में तीन गलतियाँ थीं। मराठीत माझा, माझी, माझं, काहीही असो, शब्दाचं सामान्यरूप झालं की सगळ्याचं ‘माझ्या’ होतं: माझ्या घरात, माझ्या वहीत. म्हणून हात आपसूक ‘मेरे’ लिहितो. हिंदीत में, पर, से यांच्याआधी फक्त पुल्लिंगी रूप बदलतं, ‘मेरा कमरा’चं ‘मेरे कमरे में’ होतं. स्त्रीलिंगी ‘मेरी’ जशीच्या तशी राहते. विशेषणाचंही तेच: मोठ्या वहीत म्हणजे ‘बड़ी कॉपी में’. ही चूक मला इतकी दिसते की वही हातात घेतली की मी आधी ‘में’च्या आधीचे शब्द बघते.

दुसरी दुरुस्ती अनुस्वाराची. ‘थी’ आणि ‘थीं’ यांत अनेकवचन दाखवणारा तेवढा एकच ठिपका आहे, त्यामुळे तो राहिला तर वचनच चुकतं. क्रियापदाचे दोन तुकडे असतील तर ठिपका फक्त शेवटच्यावर येतो: लड़कियाँ गई थीं। ‘गईं थीं’ नको. एकटंच क्रियापद असेल तर मात्र ‘लड़कियाँ गईं’.

तिसरं: मैंने शिक्षक से पूछा। आपला एकच ‘ला’ हिंदीत ‘को’ आणि ‘से’ यांत वाटला जातो. आपण त्याला विचारतो, त्याला भेटतो, त्याला घाबरतो. हिंदीत उससे पूछते हैं, उससे मिलते हैं, उससे डरते हैं। ‘कहना’ सुद्धा ‘से’ घेतं, पण ‘बताना’ला ‘को’ लागतं: उससे कहा, उसे बताया। याला एकच सोपा नियम नाही, म्हणून क्रियापद पाठ करतानाच त्याचा जोडीदार सोबत ठेवा, ‘पूछना’ नव्हे, ‘किसी से पूछना’. आणि या वाक्यात पुढे कर्म आलं तर पहिल्या वाक्याचा नियम लागू होतो: मैंने शिक्षक से एक बात पूछी।

सहावं: उसकी आवाज़ बहुत मीठी है। मराठी आवाज पुल्लिंगी, हिंदी आवाज़ स्त्रीलिंगी. दोन्ही भाषांत असलेले शब्दच इथे जास्त फसवतात, कारण ते ओळखीचे वाटतात. आत्मा, मृत्यु आणि विजय हिंदीत स्त्रीलिंगी आहेत, मराठीत पुल्लिंगी. आपले नपुंसकलिंगी शब्द तर दोन्हीकडे विखुरले जातात: घर आणि पानी पुल्लिंगात गेले, पुस्तक स्त्रीलिंगात. पहिल्या वाक्यात तुम्ही ‘किताब’ऐवजी ‘पुस्तक’ लिहिलं असतंत, तरी क्रियापद ‘पढ़ी’च झालं असतं.