व्याख्या पाठ, पण उत्तर ०.६: घनतेवरून एका वडिलांशी झालेलं बोलणं

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. विज्ञानाच्या व्याख्या शब्दन् शब्द पाठ, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण प्रश्न जरा फिरवून आला की गाडी अडली. तिला समजलेलंच नाहीये, की घाईत चुकते? घरी नेमकं काय करायचं?

उत्तर:

मी बरीच वर्षं विज्ञान शिकवतेय आणि हे पालक-भेटीत इतक्यांदा ऐकलंय की उपदेश देण्यापेक्षा अशाच एका वडिलांशी झालेलं बोलणं जसं आठवतंय तसं टाकते. फक्त घनतेबद्दलच बोललो होतो, पण गाडी कुठे अडते ते त्यात नीट दिसतं.

ते पेपर घेऊनच आले होते. प्रश्न असा होता: एका दगडाचं वस्तुमान १५६ ग्रॅम आहे. मोजपात्रात २०० मिली पाणी होतं, दगड पूर्ण बुडवल्यावर पातळी २६० मिलीवर गेली. पाण्याचं तापमान २५ अंश सेल्सिअस. दगडाची घनता काढा. मुलीने वर सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'एकक आकारमानातील वस्तुमान म्हणजे घनता', खाली सूत्र, त्याखाली १५६ भागिले २६०, उत्तर ०.६, एकक पण बरोबर.

वडील: मॅडम, व्याख्या बरोबर, सूत्र बरोबर, भागाकार बरोबर. २६० च्या ऐवजी ६० घ्यायला हवे होते एवढंच ना? ही सिली मिस्टेक झाली.

मी: तेवढंच असतं तर मी पण सिली मिस्टेकच म्हटलं असतं. पण उत्तर बघा ना. ०.६. पाण्याची घनता किती?

वडील: एक. एक ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर.

मी: मग ०.६ चा दगड पाण्यात टाकला तर?

वडील: (जरा थांबून) तरंगेल.

मी: आणि प्रश्नात तो बुडलेला आहे. तिच्या उत्तराप्रमाणे दगड तरंगायला हवा आणि हे तिला खटकलंच नाही. माझी काळजी ती आहे, ६० आणि २६० ची नाही. 'घनता' म्हटल्यावर तिच्या डोळ्यासमोर दगड येतच नाही, भागाकार येतो.

वडील: पण धड्याखालची सगळी गणितं तिला येतात हो. एकही चुकत नाही.

मी: कारण तिथे दोनच आकडे दिलेले असतात, एक वस्तुमान, एक आकारमान. ठरवायला काही उरतच नाही, मोठा वर छोटा खाली किंवा जसं सूत्र सांगेल तसं मांडायचं. या प्रश्नात आकडे चार आहेत, आकारमान सरळ दिलेलं नाही आणि तापमान लागतच नाही. म्हणजे पहिल्यांदाच तिला विचारावं लागलं की दगडाने जागा किती अडवली. तो विचार व्याख्येत लिहिलेला नसतो.

इथे मध्येच सांगते, फक्त लहान मुलांचंच असं होतं असं नाही. १९८१ साली ची, फेल्टोविच आणि ग्लेझर या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी भौतिकशास्त्रातली गणितं दिली आणि सांगितलं की सारखी वाटतील ती एकत्र ठेवा. नवशिके विद्यार्थी 'ही उताराची, ही कप्पीची' असे गठ्ठे करत होते आणि तज्ज्ञ 'इथे ऊर्जेचं संवर्धन लागतं' असे. आपली मुलगी पण धड्याचं नाव बघून सूत्र उचलते, धड्याचं नाव काढून घेतलं की हात रिकामे.

मग मी त्यांना घरी दोन प्रश्न विचारायला सांगितले, घनता हा शब्द वापरायचा आणि मग मुद्दाम गाळायचा. पहिला: एक मेणबत्ती मधोमध कापली, अर्ध्या तुकड्याची घनता किती होईल? दुसरा: अख्खी मेणबत्ती आणि खोडरबराचा नखाएवढा तुकडा पाण्यात टाकला तर कोण बुडेल? उत्तर आधी कागदावर लिहून घ्यायचं आणि 'कारण' पण लिहायचं, ही अट. तोंडी विचारलं की मुलं आपल्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतात.

पुढच्या आठवड्यात ते परत आले.

वडील: अर्ध्या तुकड्याची घनता अर्धी म्हणाली. आणि लिहिलं, मेणबत्ती जड म्हणून बुडेल, खोडरबर हलकं म्हणून तरंगेल. टाकल्यावर दोन्ही उलटं झालं. मला म्हणते, बाबा, तुम्ही काहीतरी चीटिंग केलंय.

मी: छान, म्हणजे सापडलं. तिच्या डोक्यात 'घनता' या पाटीखाली 'जडपणा' ठेवलेला आहे. व्याख्या त्यावर नुसती चिकटवलेली आहे. जडपणा अर्धा केला तर अर्धा होतो, म्हणून घनता पण अर्धी. तिच्या बाजूने बघितलं तर उत्तर एकदम लॉजिकल आहे.

वडील: मग मी तिला परत नीट व्याख्या समजावून सांगू का?

मी: नको, व्याख्येला काही झालेलं नाही. 'एकक आकारमानातील' हे दोन शब्द ती वाचताना ओलांडून जाते, तिथे तिला थांबवायचंय. स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे ना? आणि मिलीच्या खुणा असलेलं उंच भांडं?

त्यांनी केलं ते असं. अख्ख्या मेणबत्तीचं वजन ५४ ग्रॅम आलं. ती तरंगते म्हणून टाचणीने पाण्याखाली दाबून धरली, पाणी ६० मिलीने वर चढलं. मग कापली, अर्धीचं २७ ग्रॅम आणि ३० मिली. दोन्ही वेळा भागाकार ०.९. खोडरबर अख्खं मोजलं, २६ ग्रॅम आणि २० मिली, म्हणजे १.३. हे आकडे तुमच्याकडे वेगळे येणार, आणि खोडरबर पण सगळी सारखी नसतात, त्यामुळे मुलीसमोर करण्याआधी एकदा स्वतः टाकून बघा. अजून एक, अगदी बारीक तुकडा कधीकधी पाण्याच्या पृष्ठभागावरच अडकून बसतो, त्याला बोटाने एकदा आत ढकला आणि सोडा. नाहीतर मुलगी म्हणेल बघ तरंगलं, आणि तिथे तुम्ही पृष्ठताण समजावत बसाल.

वडिलांना सांगितलं होतं की आकडे आल्यावर आपण गप्प बसायचं, फक्त विचारायचं, 'काय अर्धं झालं आणि काय तसंच राहिलं?' मुलीने म्हणे बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, वजन पण अर्धं झालं आणि जागा पण अर्धी झाली, म्हणून. हे 'दोन्ही एकदम' धरणं हीच घनतेतली अवघड गोष्ट आहे. वेगाचं तसंच, दाबाचं तसंच, दोन राशींचं गुणोत्तर असलेल्या प्रत्येक व्याख्येत मुलं त्यातली एकच राशी पकडून ठेवतात. दाब म्हणजे जोर, वेग म्हणजे अंतर, घनता म्हणजे जडपणा. तुमच्या मुलीची कुठलीही पाठ व्याख्या घ्या आणि विचारा की यातली एक गोष्ट बदलली आणि दुसरी तशीच ठेवली तर काय होईल, लगेच कळेल कुठली पकडलीय.

वडील: आता जमलं म्हणायचं का मग?

मी: मेणबत्तीपुरतं जमलं. आता क्ले घ्या. गोळा करून पाण्यात टाका, बुडेल. तोच गोळा थापून पातळ कडा असलेली वाटी करा, अलगद ठेवा, तरंगेल. विचारा, क्लेची घनता कमी झाली का?

वडील: (हसत) मला विचारलं तर मी पण हो म्हणालो असतो.

मी: बरेच जण म्हणतात. क्ले तीच, तेवढीच, तिची घनता तसूभरही बदललेली नाही. पण वाटी पाण्यात जी जागा अडवते त्यात आतली हवा पण आली. क्लेचं वजन भागिले वाटीने अडवलेली सगळी जागा, हे एकापेक्षा कमी झालं. लोखंडाची घनता ७.९ च्या आसपास, तरी जहाज तरंगतं ते यामुळेच. इथे ती अडकली तर बिघडत नाही, उलट 'कोणाची घनता, नुसत्या क्लेची की हवेसकट वाटीची' हा प्रश्न तिने स्वतः विचारला तर मी म्हणेन की समजलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. घाईत चुकली की समजलंच नाही हे ओळखायला माझी पद्धत सोपी आहे, चुकलेलं उत्तर तिच्याच पुढे ठेवा आणि विचारा, 'असं खरंच असतं तर काय दिसलं असतं?' घाईतली चूक असेल तर मुलगी स्वतःच 'ए हो, दगड तरंगेल' म्हणून खोडून टाकते. समजलेलं नसेल तर ती भागाकार परत तपासते आणि म्हणते, बरोबर तर आहे. त्या वडिलांच्या मुलीने पहिल्यांदा दुसरं केलं होतं.

पाठांतर बंद करायला मात्र मी सांगणार नाही. आमच्या शिक्षकांतच याबद्दल दोन तट आहेत, पण माझं मत असं की व्याख्या तोंडात असली की क्लेच्या वाटीशी झगडताना तिच्याकडे परत जाता येतं, आणि परीक्षेत ती तशीच लिहावी लागते हे पण आहेच. फक्त क्रम बदला. आधी भाकीत, मग पाणी, मग आकडे, आणि शेवटी व्याख्या वाचून विचारायचं, यातला कुठला शब्द मेणबत्तीला लागू झाला. एका बैठकीत एकच संकल्पना घ्या, पाच धडे एकदम करायला गेलात तर हे प्रयोग पण ती पाठ करेल. खरंच करतात, 'मेणबत्ती तरंगते' हे उत्तर पाठ झालेली मुलं मी बघितलीत.

म्हणून दोनेक आठवडे मध्ये जाऊ द्या आणि घनता शब्द न उच्चारता एक प्रश्न टाका: बंद बाटलीत काठोकाठ पाणी भरून गोठवलं तर बाटली फुगते किंवा फुटते, वजन मात्र तेवढंच राहतं. यावरून बर्फ पाण्यावर तरंगेल की बुडेल, सांग. बर्फ तरंगतो हे तिला माहीतच असणार, तेवढ्या उत्तराला काही अर्थ नाही. 'वजन तेवढंच, जागा वाढली, म्हणून' एवढं तिच्या तोंडून तिच्या शब्दांत आलं पाहिजे. आलं तर आकडे पण सांगा, १ लिटर पाण्याचा बर्फ साधारण १.०९ लिटर जागा घेतो, घनता काढ. ०.९२ च्या जवळपास येईल. नाही आलं तर परत मेणबत्तीवर जा, आणि या वेळी काटा तिच्या हातात द्या, तुम्ही टाचणी धरा.