एक्झामिनरने 'व्हाय' विचारलं की माझं उत्तर तिथंच संपतं

"आयईएलटीएसच्या स्पीकिंगला मी उत्तर देते आणि समोरचा लगेच व्हाय, इन व्हॉट वे असं विचारतो, मग मला वाटतं माझं चुकलं आणि मी गप्प होते. दोन ओळींचं उत्तर वाढवायचं कसं? पाठ करून जाऊ का?"

पाठ करून जाऊ नकोस. पाठ केलेलं लगेच कळतं, कारण एक्झामिनरने प्रश्न थोडा वळवला की ते त्यात बसत नाही. माझ्याकडे अगदी अशीच एक मुलगी यायची, पार्ट वन आणि टू छान द्यायची आणि पार्ट थ्रीला अडकायची. तो भाग ४ ते ५ मिनिटांचाच असतो, पण तिथं एक्झामिनर तुझ्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढू शकतो, म्हणून खरी खोदाखोद तिथंच होते.

मॉकमध्ये मी तिला विचारलं, मुलं आईवडिलांकडून जास्त चांगलं शिकतात की शिक्षकांकडून? ती म्हणाली, शिक्षकांकडून, बिकॉज दे टीच बेटर. मी व्हाय विचारलं तर म्हणाली, बिकॉज दे आर टीचर्स. आणि मग पालकांचं काय म्हटल्यावर घाबरून, पॅरेंट्स आर ऑल्सो गुड. म्हणजे मत पण बदललं! रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा तिचं तिलाच कळलं की 'बिकॉज' आलाय पण कारण आलंच नाहीये, तीच गोष्ट दुसऱ्या शब्दात आलीये. आणि हो, व्हाय म्हणजे तू चुकलीस असं नसतं, मत बरोबर की चूक याला मार्कच नाहीत, त्याला फक्त तुझं अजून बोलणं ऐकायचं असतं.

मग आम्ही तेच उत्तर परत घेतलं. मी मराठीतच विचारत गेले, शिक्षकाकडे असं काय असतं जे आईकडे नसतं? थोडा विचार करून ती म्हणाली, त्यांनी तीच गोष्ट खूप मुलांना शिकवलेली असते, त्यामुळे मूल कुठं अडकणार हे त्यांना आधीच माहीत असतं. हे झालं कारण. उदाहरण दे म्हटल्यावर तिने अपूर्णांक काढला, की लहान मुलांना एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा वाटतो कारण आठ हा आकडा मोठा दिसतो, शिक्षकाने ही चूक दरवर्षी बघितलेली असते म्हणून तो लगेच चित्र काढून दाखवतो, आई मात्र तेच तेच परत सांगत बसते. मग तुलना, व्हेअरॅज सायकल शिकवायला आईवडीलच बरे, कारण मूल कशाला घाबरतं हे त्यांना माहीत असतं आणि एकाच मुलाला वेळ देता येतो. बघ, आधी जे मत घाबरून बदललं होतं तेच आता तुलना म्हणून आलं, आणि पहिलं मतही तसंच राहिलं. हे सगळं तिने साध्या इंग्लिशमध्ये चार-पाच वाक्यात बसवलं, एकही भारी शब्द नाही.

पण दर उत्तरात कारण, उदाहरण, तुलना तिन्ही कोंबायची नाहीत, ते साच्यातलं वाटतं. त्याने काय विचारलंय ते ऐकायचं. व्हाय आला तर कारण हवंय. इन व्हॉट वे आला तर उदाहरण. पूर्वीही असंच होतं का किंवा सगळ्यांना लागू आहे का असं आलं तर तुलना. या तुलनेचा फायदा असा की व्याकरण आपोआप बदलतं, म्हणजे पूर्वी मुलं घरातलाच धंदा बघून शिकायची हे सांगताना 'यूज्ड टू' येतंच, आणि ग्रामर रेंजला वेगळे मार्क असतात. उदाहरण मात्र सगळं स्वतःच्या घरातलं नको, पार्ट थ्रीचे प्रश्न एकूण लोकांबद्दल असतात, स्वतःचं एखादं वाक्य चालतं पण मग परत सगळ्यांवर यायचं.

पार्ट वनला एवढं ताणू नकोस, तिथं उत्तर आणि एखादं कारण, दोन-तीन वाक्यं पुरतात. आणि मध्येच थांबवलं तर घाबरू नकोस, एक्झामिनरला वेळ पाळायची असते, त्यामुळे तुझे मार्क जात नाहीत.

घरी करायचं तर फोनवर एक उत्तर रेकॉर्ड कर, मग ऐकताना प्रत्येक वाक्यानंतर 'म्हणजे कसं?' असं स्वतःलाच विचार. पुढच्या वाक्यात त्याचं उत्तर असेल तर ठीक, नसेल तर एक्झामिनर नेमका तिथंच विचारणार, तेवढाच तुकडा परत बोल, सगळं उत्तर पहिल्यापासून नको.