प्रबंधाचा ऋणनिर्देश: प्रयोगशाळा, मार्गदर्शक आणि घर

प्रश्न: "माझा रसायनशास्त्राचा प्रबंध पुढच्या महिन्यात सादर होईल. ऋणनिर्देश लिहायला बसले की 'मनःपूर्वक आभार' याच्या पुढे काही सुचत नाही. गाईड सरांशी मधली दोन वर्षे फारसे पटले नाही, लॅबमधल्या ज्युनियरने बरीच मोजमापे करून दिली आहेत, आणि घरच्यांबद्दल किती लिहू हे कळत नाही. कसे लिहावे?"

उत्तर:

प्रथम एका कागदावर तीन रकाने आखा: व्यक्ती, तिने नेमके काय केले, आणि ते प्रबंधात कुठे दिसते. आभाराचे एकही वाक्य अजून लिहू नका. प्रयोगवही आणि उपकरणांच्या नोंदवह्या समोर ठेवून हे रकाने भरा, कारण चार-पाच वर्षांपूर्वीची मदत स्मरणावर सोडली तर ती निसटते. माझ्या स्वतःच्या प्रबंधात हेच घडले. ज्या व्हॅक्यूम लाइनवर माझी जवळजवळ प्रत्येक अभिक्रिया झाली, ती जोडून देणाऱ्या आणि दोनदा तडकल्यावर दुरुस्त करणाऱ्या ग्लास ब्लोअरचे नाव माझ्याकडून राहिले आणि प्रती बांधून आल्यानंतर ते लक्षात आले. त्याची खंत मला आजही आहे, म्हणूनच मी माझ्या विद्यार्थ्यांना मजकुराच्या आधी हा तक्ता करायला सांगतो.

सुरुवात ज्युनियरपासून करा, कारण इथे कृतज्ञतेबरोबर प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहे. प्रबंधाच्या प्रतिज्ञापत्रावर आपण हे काम स्वतःचे असल्याचे लिहून सही करता. त्यामुळे दुसऱ्याने घेतलेली मोजमापे केवळ ऋणनिर्देशात सांगून भागत नाही, तर त्या प्रकरणाच्या प्रायोगिक भागात किंवा आकृतीखालच्या ओळीतही ती नोंद असावी लागते. समजा, चौथ्या प्रकरणातील बारा संयुगांचे नमुने आपण तयार केले, एनएमआर वर्णपट ज्युनियरने घेतले आणि त्यांचा अर्थ आपण लावला. मग प्रकरणात "वर्णपटांचे मापन अमुक यांनी केले" एवढे कोरडे वाक्य पुरे. ऋणनिर्देशात मात्र असे लिहिता येईल: "चौथ्या प्रकरणातील बारा संयुगांचे वर्णपट अमुक हिने स्वतःचे प्रयोग सांभाळून, बहुतेक वेळा रात्रीच्या पाळीत घेतले, पाचव्या नमुन्यातील अशुद्धी प्रथम तिच्याच लक्षात आली." हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या प्रबंधात चालणार नाही, आणि आपले वाक्य जमले आहे की नाही हे ओळखायला हीच कसोटी वापरावी. "सहकार्याबद्दल आभारी आहे" हे वाक्य प्रयोगशाळेतील कोणत्याही नावापुढे बसते. म्हणून ते लिहूनही त्या मुलीच्या वाट्याला काहीच येत नाही.

तक्ता भरताना कदाचित असे दिसेल की ज्युनियरने मापनाबरोबर काही संयुगेही बनवली आणि वर्णपटांचा अर्थ लावण्यातही तिचा वाटा होता. तसे असेल तर त्या प्रकरणावर निघणाऱ्या शोधनिबंधात तिचे नाव लेखकांत असायला हवे का, हे मार्गदर्शकांशी आत्ताच बोलून घ्या. लेखकत्व नाकारून त्याची भरपाई ऋणनिर्देशातील गोड वाक्याने करणे अन्यायाचे आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने याबाबत आणखी एक सूचना केली आहे, ती रसायनशास्त्रातही पाळण्यासारखी आहे: ज्याचे आभार मानायचे त्याची लेखी परवानगी घ्यावी, कारण नाव वाचून वाचकाला असे वाटू शकते की निष्कर्षही त्या व्यक्तीला मान्य आहेत. प्रत्येकाला त्याच्यापुरते वाक्य पाठवून "हे असे छापू का?" असे विचारले की परवानगीही मिळते आणि नावाचे स्पेलिंगही तपासले जाते.

आता मार्गदर्शकांविषयी. न पटलेल्या दोन वर्षांचा उल्लेख नको, सूचकपणेही नको. "कठीण प्रसंगांतून शिकवल्याबद्दल" अशी दुधारी वाक्ये आपल्या विभागातील प्रत्येकाला कळतील, आणि शोधगंगेवर चढलेला प्रबंध तुमच्या दोघांच्या निवृत्तीनंतरही वाचला जाईल. पण म्हणून खोटी स्तुतीही लिहू नये. पुन्हा तक्त्याकडे वळा आणि सरांनी प्रत्यक्ष काय केले ते पाहा. त्यांनी तिसऱ्या प्रकरणाचा मसुदा कितीदा वाचला, कोणता उत्प्रेरक सोडून द्यायला सांगितला आणि तो निर्णय पुढे बरोबर ठरला का, उपकरणाच्या वेळेसाठी कोणाला पत्र लिहिले, रसायनांचा खर्च कोणत्या प्रकल्पातून केला? यांतील दोन खऱ्या गोष्टी निवडा आणि तीन-चार वाक्यांत मांडा. उदाहरणार्थ: "तिसऱ्या प्रकरणातील पॅलेडियमचा मार्ग सोडून तांब्याकडे वळावे, हा सल्ला सरांनी दिला, या प्रबंधातील मुख्य निष्कर्ष त्या वळणावर उभा आहे." संबंध ताणलेले असले तरी हे वाक्य खरे राहते आणि त्यांच्या कामाला न्याय देते. जिथे जिव्हाळा असतो, तिथेही मी हीच पद्धत सुचवतो, कारण "पितृतुल्य" या शब्दापेक्षा असा एक प्रसंग त्या व्यक्तीला अधिक जवळून दाखवतो.

घरच्यांबद्दल लिहिताना दोन अडचणी येतात. पहिली म्हणजे तयार वाक्ये. "आई-वडिलांचे आभार मानून मी त्यांना परके करणार नाही, त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल" हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचले आहे की त्यातली मूळची भावना आता वाचकापर्यंत पोहोचत नाही. त्याऐवजी एकच दृश्य द्या. माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते की तिच्या सासूबाई रोज दुपारी दोन वाजता नातवाला शाळेतून आणत, म्हणून तिला रिफ्लक्सवर लावलेली अभिक्रिया अर्ध्यात थांबवावी लागली नाही. त्या एका वाक्यात घर आणि प्रयोगशाळा दोन्ही आली, आणि सासूबाईंनी ते पान नातेवाइकांना वाचून दाखवले. दुसरी अडचण खासगीपणाची आहे. वडिलांचे आजारपण, घरावरचे कर्ज किंवा भावाचे सुटलेले शिक्षण हे आपल्या दृष्टीने त्यागाचे उल्लेख असतात, पण ज्यांचे ते आयुष्य आहे त्यांना ते जगासमोर यावे असे वाटेलच असे नाही. त्यांना विचारा, आणि त्यांचा चेहरा जरा जरी पडला तरी ते वाक्य काढा. घरच्यांसाठी एक परिच्छेद पुरे होतो.

प्रबंध इंग्रजीत असला तरी हा पहिला खर्डा मराठीतच करा. इंग्रजीत बसलो की ठरीव शब्द आधी येतात आणि आशय मागे राहतो.

शिष्यवृत्तीचा उल्लेख सुटा ठेवा. देणाऱ्या संस्थेचे पूर्ण नाव आणि मंजुरीपत्रावरील फाइल क्रमांक जसाच्या तसा लिहा, आणि पत्रात उल्लेखाचा नमुना दिलेला असेल तर त्यात शब्द बदलू नका. बाह्य परीक्षकांचे आभार मात्र या प्रतीत घालू नका, कारण प्रबंध त्यांच्याकडे अजून मूल्यमापनासाठी जायचा आहे. साम्य तपासणीत आकडा वाढेल म्हणून हे पान घाईने उरकण्याचेही कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार ऋणनिर्देश त्या तपासणीतून वगळला जातो.

सगळे मिळून दीड ते दोन पाने झाली की थांबा. प्रती बांधायला देण्याच्या आदल्या दिवशी तो तक्ता पुन्हा काढा आणि प्रत्येक नावावर खूण करत जा. भांडारपाल, उपकरण चालवणारे तंत्रज्ञ आणि ग्लास ब्लोअर यांच्या ओळी त्या दिवशी आवर्जून पाहा.