एका टेपवर दोन टेपा कशा मावतात

दोन टेपांचं ट्युरिंग यंत्र एका टेपच्या यंत्रावर कसं चालवायचं, पुण्यात तोंडी परीक्षेला तुला हे विचारतीलच, तेव्हा प्रमेय घोकू नकोस, एक पायरी हाताने चालवून बघ. दोन टेपा `#` ने वेगळ्या करून अशा एकापुढे एक लिही, डोकं जिथे आहे त्या अक्षरावर खूण कर:

```
#0'1#ab'#
```

नियम समज असा: 0 आणि b वाचलं, तर 1 आणि a लिही, दोन्ही डोकी उजवीकडे. आपलं यंत्र आधी टोकापर्यंत जाऊन खुणेची अक्षरं स्थितीतच लक्षात ठेवतं. अशा जोड्या मोजक्याच असतात, म्हणून हे चालतं. दुसऱ्या फेरीत बदल करतं. इथेच पोरं अडकतात: दुसरी खूण `#` वर येते. मग तिथून पुढचं सगळं एक घर उजवीकडे सरकवून रिकामी जागा करायची:

```
#11'#aa_'#
```

म्हणजे t पायऱ्यांना साधारण t² लागतात. वेळ जातो, ताकद तीच.

अनिश्चित यंत्राला एका पायरीला अनेक पर्याय असतात, त्यातून फांद्या फुटतात. त्यासाठी तीन टेपा घे: मूळ इनपुट, कामाची टेप, आणि फांदीचा पत्ता, म्हणजे कुठल्या पायरीला कितवा पर्याय घ्यायचा ते. पत्ते 1, 2, 11, 12, 21, 22 अशा क्रमाने, दर वेळी इनपुटपासून नव्याने सुरुवात. एकच फांदी धरून खोल गेलास आणि ती कधी थांबलीच नाही, तर शेजारची स्वीकारणारी फांदी दिसणारच नाही. परीक्षक नेमकं इथेच पकडतात. इथे खर्च मात्र घातांकी वाढतो. तो टाळता येईल का, हा P आणि NP चा प्रश्न, अजून सुटलेला नाही. तीन टेपांची एक कशी करायची, ते वर झालंच.