फोटोतली पट्टी आणि कपाटातली पट्टी

प्रश्न : वकीलसाहेब, अमळनेर तालुक्यात माझं मेडिकल आहे. सुरतेकडच्या एका एजंटने व्हॉट्सॲपवर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड 625 च्या स्ट्रिपचा फोटो पाठवला. भाव नेहमीपेक्षा फारच कमी. यूपीआयने पैसे दिले, माल ट्रॅव्हल्सने आला, बिल अजून आलं नाही. 20 डब्यांतले दोन विकले गेले. आता एक गिऱ्हाईक सांगतं की गोळी काढताना भुगा होते. एजंट म्हणतो, माल परत पाठवा, पैसे देतो. फोटो तर एकदम ओरिजिनल वाटतो, बॅच नंबरही मालावर तोच आहे. परत करून मोकळा होऊ का?

उत्तर : भाऊ, परत अजिबात करू नका. माल गेला की तुमच्याकडे उरतो तो फक्त यूपीआयचा व्यवहार, आणि एजंट म्हणेल ते पैसे उसने घेतले होते. शिवाय तोच माल उद्या शिरपूरच्या किंवा पारोळ्याच्या एखाद्या दुकानात उतरेल. उरलेले 18 डबे एका खोक्यात भरा, त्यावर 'विक्रीसाठी नाही' असं लिहा, तारीख टाका आणि विक्रीच्या मालापासून लांब ठेवा.

आता फोटोकडे येऊ. तुम्ही तो मूळ फाइल म्हणून पाठवलात ते बरं झालं, स्क्रीनशॉट असता तर मला फार काही दिसलं नसतं. ही गोळी दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत येते. पट्टी गरम रोलरमधून दाबून चिकटवतात, म्हणून फॉइलवर सगळीकडे बारीक चौकड्यांची नक्षी उमटते. ब्रँडचं नाव आणि कंपनीचा पत्ता फॉइलवर आधीच छापून आलेला असतो. बॅच, उत्पादन आणि एक्सपायरी मात्र पॅकिंगच्या वेळी टाकतात. शाई नक्षीच्या आधी पडो की नंतर, आकड्यांतून चौकड्या डोकावायलाच हव्यात. तुमच्या फोटोत कंपनीच्या पत्त्यावर त्या डोकावतात. एक्सपायरीच्या '2027' भोवती मात्र बोटाच्या पेराएवढी जागा गुळगुळीत आहे, जणू तिथे इस्त्री फिरवली. ट्यूबलाइटची पांढरी तिरीप पट्टीवरून आडवी जाते, ती याच तुकड्याशी तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. खरा उजेड असा तुटत नाही.

दुसरी खूण पाहायला फोटो मोठा करा. बॅच नंबरातल्या 7 च्या खालच्या टोकाला शाईचा एक बारीक ठिपका आहे. '2027' मधल्या 7 लाही तोच ठिपका, त्याच जागी. छापखान्यात दोन आकड्यांवर शाई इतकी सारखी सांडत नाही, म्हणजे एक आकडा उचलून दुसरीकडे चिकटवलेला आहे. त्यात पट्टी फोटोत थोडी तिरपी धरली आहे, ओळी डावीकडे झुकतात, पण हे चार आकडे सरळ उभे आहेत.

पण सगळ्यात भक्कम मला क्यूआर कोड वाटला. 1 ऑगस्ट 2023 पासून बनलेल्या बॅचसाठी ठरलेल्या 300 ब्रँडना डब्यावर किंवा पट्टीवर बारकोड अथवा क्यूआर छापावा लागतो, आणि त्यात बॅच, उत्पादन व एक्सपायरी असते. तुमचा ब्रँड त्या यादीत आहे. फोटोतला कोड तिसऱ्या प्रयत्नात वाचला गेला, आणि त्यातून निघालेली बॅच पट्टीवर छापलेल्या बॅचशी जुळत नाही. एक्सपायरीही जुळत नाही, ती उलटून गेलेली आहे. ज्याने आकडे बदलले त्याला कोड बदलणं सुचलं नाही किंवा जमलं नाही. तुमच्या हातातल्या मालावरचा कोडही स्कॅन करा, पण उघडणारा पत्ता कंपनीच्या खऱ्या वेबसाइटचा आहे का ते आधी बघा. बनावट कोड बनावट पानावर नेऊ शकतो.

एवढं असूनही एक गैरसमज नको. फोटोत खाडाखोड आहे एवढ्यावरून गोळी बनावट ठरत नाही. उलटही खरं : निर्दोष पट्टीचा निर्दोष फोटो पाठवून भलताच माल विकता येतो. गोळीत औषध किती आहे ते शासकीय विश्लेषकच सांगेल. फोटो सिद्ध करतो ते वेगळंच : एजंटने तुम्हाला काय दाखवून पैसे घेतले. ती फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली 7 वर्षांपर्यंत शिक्षा. बनावट इलेक्ट्रॉनिक अभिलेख खरा म्हणून वापरला, तर कलम 340(2) सुद्धा लागू शकतं.

तुमची स्वतःची बाजू मात्र थोडी लंगडी आहे, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 मधलं कलम 19(3) विक्रेत्याला वाचवतं, पण माल परवानाधारकाकडून घेतला, वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्याजोगा नव्हता आणि आपण तो नीट, होता तसाच ठेवला, हे तिन्ही दाखवावं लागतं. बिल नाही, एजंटचा परवाना पाहिला नाही, म्हणजे पहिल्या पायरीवरच ठेच लागते. 'फोटो बघूनच घेतला' हे वाजवी काळजीचं उत्तर म्हणून कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही. इतक्या कमी भावात शंका यायला हवी होती असंच सरकारी वकील म्हणतील. बनावट औषध विकल्याची शिक्षा कलम 27(क) खाली किमान 7 वर्षांची आहे, म्हणून प्रकरण हलक्यात घेऊ नका.

मग हाताशी काय उरतं? कलम 18अ. औषध निरीक्षकाने विचारलं तर माल कोणाकडून घेतला ते सांगणं बंधनकारक आहे. तुम्ही विचारण्याची वाट न बघता जळगावच्या अन्न व औषध प्रशासनात लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. अर्जात 'बनावट' हा शब्द वापरू नका, 'संशयास्पद' लिहा आणि फक्त घडलेलं सांगा : नंबर, तारीख, रक्कम, किती विकलं. निरीक्षक नमुना घेईल तेव्हा फॉर्म 17 ची, म्हणजे नमुना घेतल्याच्या लेखी सूचनेची, प्रत मागून घ्या. स्वतःहून गेलात म्हणून कारवाई टळेलच असं मी म्हणत नाही, पण माल कपाटात धाडीत सापडणं आणि तुम्ही समोर ठेवणं यांत कोर्टाला फरक दिसतो. पैशांसाठी त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन करा. खात्यातून रक्कम पुढे सरकली की हाती येणं कठीण.

पुरावा म्हणून फोटो चालवायचा तर भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा ओळख-आकडा, येतो. व्हॉट्सॲप पाठवताना फोटो दाबून लहान करतं आणि तो कधी कुठे काढला ही माहिती बहुधा पुसून टाकतं, म्हणून खरा आधार संदेशाचाच : कोणत्या नंबरवरून, किती वाजता आला. एजंट 'सगळ्यांसाठी डिलीट' करण्याआधी चॅट निर्यात करा आणि दुसऱ्या मोबाइलने स्क्रीनचं चित्रीकरण करा. फोटोवर लाल गोल काढू नका, क्रॉप करू नका. खुणा करायच्या तर वेगळी प्रत घ्या.

अर्जाच्याही आधी, आज रात्रीच, बिलबुकातून ती दोन डब्यांची गिऱ्हाइकं शोधा. डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकलेलं ॲन्टिबायोटिक आहे, कोणाचं तरी इन्फेक्शन अर्धवट राहिलं असेल. गोळ्या थांबवून डॉक्टरांना दाखवा एवढंच सांगा, उरलेल्या पट्ट्या परत घ्या आणि त्याच खोक्यात टाका. सोमवारी माझ्याकडे येताना तोच हँडसेट आणा. मुलाने नवा घेऊन दिला असेल तर सिम नव्यात घाला, जुना रिसेट न करता बंद करून ठेवा.